कोण कोणाच्या आड येतं: निपाणीतल्या एका वाटणीचं प्रकरण

वंशावळीच्या कागदावर नातवाचं नाव होतं. नाडकचेरी या कर्नाटकातल्या सरकारी कचेरीतून आलेला तो कन्नड कागद. वर वारलेले आजोबा, त्यांच्याखाली ओळीनं सगळं घर मांडलेलं: पत्नी, आधीच वारलेला थोरला मुलगा, हयात धाकटा मुलगा, दोन मुली. थोरल्याच्या नावाखाली ‘मोम्मग’, म्हणजे नातू, आणि ‘मोम्मगळु’, म्हणजे नात. थोरल्याच्या विधवेनं तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “वकीलसाहेब, सरकारी कागदावर माझ्या पोराचं नाव आहे. मग दीर कसं म्हणतोय, ह्याला काहीच नाही म्हणून?”

दीर म्हणत होता ते शरियतच्या हिशेबानं बरोबर होतं. आणि तरीही त्या पोराला शेवटी दुकान मिळालं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते या प्रकरणात नीट दिसतं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. घर ओळखू येऊ नये म्हणून ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत आणि रकमा भागाकाराला सोप्या केल्या आहेत.

आधी वंशावळीबद्दल, कारण सीमाभागात सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. वंशावळ कोण कोणाचं काय लागतं ते सांगते. वाटा कोणाला, ते सांगत नाही. हिंदू घरात थोरल्या मुलाच्या मुलाबाळांची नावं त्या कागदावर आली की ती वारस म्हणूनच धरली जातात, कारण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात आधी वारलेल्या मुलाचा मुलगा, मुलगी आणि विधवा हे पहिल्या वर्गाचेच वारस आहेत. शेजारी-पाजारी, टायपिस्ट, अर्ज भरून देणारे, सगळ्यांच्या डोक्यात तोच नमुना बसलेला असतो. तोच नमुना मुस्लिम घरावर लावला की वाटणीचा पहिला मसुदा चुकतो. या घराचाही चुकला होता. कोणीतरी थोरल्याच्या जागी नातवाला उभं करून दोन भावांचे सारखे वाटे लिहून दिले होते.

आता घर समजून घेऊ. आजोबा निपाणीचे. गोणपाट आणि सुतळीचं दुकान, तंबाखूच्या व्यापाऱ्यांना माल पुरवायचा. मागं राहिल्या त्या पत्नी, म्हणजे मुलांची दादी, एक मुलगा, दोन मुली, एक कागलला दिलेली, एक बेळगावात, थोरल्या मुलाची विधवा, तिचा १९ वर्षांचा मुलगा आणि १५ वर्षांची मुलगी, आणि आजोबांचे सख्खे भाऊ, खानापूरला राहणारे, ज्यांनी “घर बापजाद्यांचं आहे, माझंही नाव लागलं पाहिजे” असा निरोप पाठवला होता. मालमत्ता: राहतं घर ३२ लाखांचं, दुकान १६ लाखांचं. मयतीचा खर्च आणि उधारी रोख रकमेतून भागली. दादीचा मेहर आजोबांनी हयातीतच फेडला होता. तो राहिला असता तर कर्ज म्हणून आधी द्यावा लागला असता. तर वाटायला ४८ लाख.

मी दोन प्रश्न सुरुवातीलाच विचारतो. पहिला, घर सुन्नी हनफी पंथाचं आहे का? आपल्याकडची बहुतेक घरं हनफी, पण कोकणातून आलेलं घर शाफई असू शकतं आणि शिया घरात हिशेबच वेगळा होतो. हे घर हनफी होतं. दुसरा प्रश्न, शेत आहे का? १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून शेताचा विचार वेगळा करावा लागतो. इथं शेत नव्हतं. घर कर्नाटकात आणि एक मुलगी महाराष्ट्रात, यानं काही फरक पडत नाही. कागद कन्नडमध्ये लिहिले गेले तरी वाटे तेच.

आता विधवेच्या प्रश्नाकडे. तिचं म्हणणं साधं होतं: पोराचा बाप हयात असता तर तो पोराच्या आड आला असता, हे मान्य. पण बाप तर गेला. मग आता आड कोण आहे?

हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो आणि त्यात एक खरा नियम अर्धाच पकडलेला असतो. अरबीत या आडकाठीला ‘हजब’ म्हणतात आणि ज्याची वाट अडली त्याला ‘महजूब’. हजबाचा एक नियम असा की ज्या माणसामार्फत तुमचं मृताशी नातं आहे, तो हयात असेपर्यंत तुम्ही वारस नाही. बाप असेल तर आजोबा नाही, आई असेल तर आईची आई नाही, मुलगा असेल तर त्याचा मुलगा नाही. (याला एक अपवाद ठरलेला आहे: आईकडून सावत्र असलेली भावंडं आईमार्फत येतात, तरी आई त्यांच्या आड येत नाही.) विधवेनं हा नियम बरोबर ओळखला होता. या नियमानं पाहिलं तर पोराची वाट खरंच मोकळी आहे.

पण दुसरा नियम स्वतंत्र आहे. ठरलेले वाटे देऊन उरलेली मालमत्ता जे घेतात, त्या ‘असबा’ वारसांमध्ये जवळचा लांबच्याला अडवतो. मुलगा मृतापासून एक पायरी, नातू दोन पायऱ्या. ही पायरी कोणाच्या मार्फत आहे ते इथं पाहत नाहीत. मृताचा कोणताही एक मुलगा हयात असला की सगळ्या मुलग्यांची सगळी मुलंबाळं अडतात, मग त्यांचा बाप जिवंत असो वा नसो. या पोराच्या आड त्याचा बाप नव्हता, त्याचा चाचा होता.

त्याला “बापाची जागा” मिळत नाही, कारण शरियतमध्ये अशी जागा घेणं हा प्रकारच नाही. नातू जेव्हा वारस होतो तेव्हा तो स्वतःच्या नात्यानं वारस होतो. याचा पुरावा हवा असेल तर दोन्ही मुलगे आधी वारलेत अशी कल्पना करा. थोरल्याला एक मुलगा, धाकट्याला तीन. हिंदू कायद्याच्या सवयीनं आपण अर्धं एकाला आणि अर्ध्यात तिघं असं म्हणू. शरियतमध्ये चारही नातू एकाच पायरीवर, चौघांना सारखं.

विधवा स्वतः कुठं बसते? कुठंच नाही. सासऱ्याशी सुनेचं रक्ताचं नातं नाही आणि ती त्यांची पत्नी नाही. तिला कोणी अडवलेलं नाही, ती मुळात सासऱ्याची वारसच नव्हती.

खानापूरच्या भावाचं उत्तर लवकर मिळालं. भाऊ मृताच्या बापाच्या फांदीवरचा. मुलगा, किंवा मुलगा नसेल तर मुलाचा मुलगा, किंवा मृताचा बाप, यांपैकी एक जरी हयात असला तरी भाऊ बाहेर. “बापजाद्यांचं घर” याला इथं वजन नाही, कारण मुस्लिम कायद्यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेद नाही. घर आजोबांच्या एकट्याच्या नावावर होतं, भावाचा वाटा बापाच्या वाटणीत आधीच देऊन झाला होता. तो विषय तिथं संपला.

आणि ज्यांना कोणीच अडवू शकत नाही अशी सहाच माणसं: नवरा, बायको, बाप, आई, मुलगा, मुलगी. त्यांचा वाटा कमी-जास्त होतो, शून्य कधी होत नाही.

मग मूळ वाटणी अशी. मुलंबाळं आहेत म्हणून पत्नीला एक चतुर्थांशाऐवजी एक अष्टमांश: ६ लाख. उरलेले ४२ लाख मुलगा आणि मुलींमध्ये दोनास एक या प्रमाणात. मुलग्याला २१, मुलींना साडेदहा-साडेदहा. नातू, नात, सून, भाऊ: काही नाही. बेरीज ४८ येते.

हे वाचून दाखवल्यावर विधवा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे ह्याच्या बापानं दोन वर्षं कळ काढली असती तर?”

ती काय विचारत होती तिला कदाचित पूर्ण कळलं नसेल, पण या विषयातला सगळ्यात महागडा प्रश्न तोच आहे. मयतांचा क्रम. थोरला हायवेवर अपघातात गेला, कोल्हापूरच्या दवाखान्यात. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू होतो तिथं होते, म्हणून त्याचा दाखला महाराष्ट्रातला, मराठीत. आजोबा निपाणीत घरी गेले, त्यांचा दाखला कर्नाटकातला, कन्नडमध्ये. मी दोन्ही दाखले शेजारी ठेवून तारखा पाहिल्या. थोरला दोन वर्षं आधी गेला होता, यात शंका नव्हती. पण सीमाभागात असे दोन राज्यांचे दाखले असले की लोक मृत्यूची तारीख सोडून नोंदणीची किंवा दाखला दिल्याची तारीख वाचतात. तारीख आधी तपासली नाही तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

समजा थोरला आजोबांच्या नंतर चाळीस दिवसांनी गेला असता. वारसा मृत्यूच्या क्षणी लागतो, वाटणीच्या दिवशी नाही. आजोबा गेले त्या क्षणी दोन मुलगे हयात. पत्नीला ६ लाख, उरलेल्या ४२ चे सहा भाग, मुलग्यांना १४-१४, मुलींना ७-७. थोरल्याचे १४ लाख वाटणी व्हायच्या आधीच त्याचे झाले, आणि तो गेल्यावर ते त्याच्या स्वतःच्या वारसांकडे: आईला एक षष्ठांश, म्हणजे सुमारे २ लाख ३३ हजार, विधवेला एक अष्टमांश, १ लाख ७५ हजार, उरलेले सुमारे ९ लाख ९२ हजार मुलगा-मुलीत दोनास एक. या वाटणीत चाचा शून्य, कारण इथं मृत थोरला आहे, थोरल्याला मुलगा आहे, आणि मुलगा असला की भाऊ अडतो. जो चाचा एका कागदावर पुतण्याला अडवतो तोच दुसऱ्या कागदावर पुतण्यामुळं अडतो. म्हणून माझा नेहमीचा आग्रह असतो: एका मयतीला एक कागद. दोन मयती एका तक्त्यात घातल्या की चूक झालीच.

खरं तर थोरल्याचाही एक कागद या घरात राहूनच गेला होता. त्यानं स्वतःच्या पैशांतून गावाबाहेर एक प्लॉट घेतला होता, १२ लाखांचा. धाकट्याचं म्हणणं, भावाचा प्लॉट, त्यात माझाही हिस्सा. विधवेचं म्हणणं, नवऱ्याचा प्लॉट, सगळा माझ्या मुलांचा. दोघंही चुकत होते. थोरला गेला तेव्हा बाप, आई, बायको, मुलगा, मुलगी हयात. बापाला एक षष्ठांश २ लाख, आईला २ लाख, बायकोला एक अष्टमांश दीड लाख, उरलेले साडेसहा लाख मुलांना: मुलग्याला सुमारे ४ लाख ३३ हजार, मुलीला २ लाख १७ हजार. भाऊ आणि बहिणी शून्य, त्यांच्या आड बाप आहे आणि मुलगाही आहे. पण बापाला गेलेले २ लाख आता आजोबांच्या मालमत्तेत आले, आणि आजोबांचा वारस म्हणून धाकट्याला त्यात वाटा मिळतो. थेट नाही, पण वळसा घेऊन. बैठकीत हे सांगितलं तेव्हा धाकटा स्वतःच म्हणाला, “ते नको. पोरांच्या बापाचं पोरांकडंच राहू दे.” दादी आणि दोन्ही मुलींनीही आजोबांकडून आलेला तो हिस्सा सोडला. प्लॉटमध्ये नातवंडंही मालक होती, म्हणून तिथं हक्कसोड पत्र चाललं. हे दोन लाख मी वरच्या ४८ मध्ये धरलेले नाहीत.

हजबाची एक विचित्र वाटणारी गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ती हमखास चुकते. समजा थोरला अविवाहित असताना गेला असता, ६ लाख मागं ठेवून; आई, बाप, एक भाऊ, दोन बहिणी. भावंडांना बाप अडवतो, त्यांना काही नाही. पण भावंडं दोन किंवा जास्त असली की आईचा वाटा एक तृतीयांशावरून एक षष्ठांशावर येतो, आणि भावंडं स्वतः अडलेली असली तरी हा परिणाम होतोच. आईला १ लाख, बापाला ५. भावंड एकच असतं तर आईला २, बापाला ४. महजूब माणूस असा दुसऱ्याचा वाटा खाली आणू शकतो. ज्यानं खून केला म्हणून वारसा गमावला तो मात्र ‘महरूम’. तो नसल्यासारखाच धरायचा, तो कोणाचाही वाटा कमी करत नाही. बोलताना लोक दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात, हिशेबात ते एक नाहीत.

आता पुन्हा मूळ कागदावर येऊ आणि त्यातला फक्त धाकटा मुलगा काढून टाकू. म्हणजे आजोबांच्या आधी दोन्ही मुलगे गेले, धाकट्याला मूल नाही. हयात आहेत पत्नी, दोन मुली, नातू, नात आणि खानापूरचा भाऊ. इथं अनेकांना वाटतं, मुली एक पायरीवर आहेत, नातू दोन पायऱ्यांवर, मुली त्याला अडवतील. अडवत नाहीत. जवळच्यानं लांबच्याला अडवण्याचा तो नियम उरलेलं घेणाऱ्यांमधला आहे, आणि भाऊ सोबत नसेल तर मुलगी ठरलेल्या वाट्याची वारस असते. दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, १६-१६ लाख. पत्नीला ६. उरले १० लाख. ते नातू आणि नात दोनास एक वाटून घेतात, सुमारे ६ लाख ६७ हजार आणि ३ लाख ३३ हजार. खानापूरचा भाऊ नातवामुळं अडतो.

आता त्यातून नातूही काढा, फक्त नात ठेवा. मुलींच्या बाजूचा मोठ्यात मोठा वाटा दोन तृतीयांश. दोन मुलींनी तो पूर्ण घेतला की मुलाच्या मुलीला काही उरत नाही. नात शून्य. आणि ते १० लाख जातात कोणाकडे? खानापूरच्या भावाकडे. मुली भावाला अडवत नाहीत, आणि त्याला अडवणारा नातू आता नाही. म्हणजे त्या पोरीचा भाऊ तिच्यासोबत असला तर तिला सव्वातीन लाखांवर, नसला तर काही नाही. फराइजचे, म्हणजे वारसा-वाटणीच्या शास्त्राचे, जाणकार अशा भावाला ‘मुबारक भाऊ’ म्हणतात.

आणि एकच मुलगी असती तर? मुलीला अर्धं, २४ लाख. दोन तृतीयांशाच्या मर्यादेत एक षष्ठांश शिल्लक राहतं, ते एकट्या नातीला, ८ लाख. पत्नीला ६. उरलेले १० पुन्हा भावाला. मुलगी एक की दोन, यावर नातीचं शून्य की आठ लाख हे ठरतं. हे घर शिया असतं तर यातलं काहीच झालं नसतं: तिथं मुलगी एक पायरीवर आहे म्हणून नातू, नात आणि भाऊ तिघांनाही अडवते.

कोणी वाटणीचा मसुदा दाखवला की मी आता तीन जागा आधी पाहतो. मुलगा हयात असून यादीत नातवंडं आहेत का? मुलगा किंवा नातू हयात असून भाऊ, पुतणे आहेत का? आणि उलट, फक्त मुली असताना भाऊ गाळला आहे का? तिसरी चूक वाढते आहे. लोकांना वाटतं, मुली असल्या की भावाचा प्रश्नच नाही. हनफी घरात तो असतो, आणि पंधरा वर्षांनी भावाची मुलं दावा घेऊन येतात.

आता दुकान. बैठकीत शेजारच्या दुकानदारानं सांगितलं की आजोबा आजारी असताना त्याच्या आणि पेशइमामांच्या समोर म्हणाले होते, “मी गेल्यावर दुकान पोत्याचं.” पोता म्हणजे नातू. धाकट्यानं ऐकलेलं वाक्य थोडं वेगळं होतं: “दुकान पोत्याकडं राहू दे.” दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ दुकान चालवू दे, एवढाच निघू शकतो. बक्षीस, म्हणजे हिबा, धरायचा तर देणाऱ्यानं जाहीर करणं, घेणाऱ्यानं स्वीकारणं आणि ताबा देणं, तिन्ही लागतात. पोरगा दोन वर्षं दुकानात बसत होता खरा, पण गल्ला, चावी आणि उधारीची वही शेवटपर्यंत आजोबांकडे होती. ताबा दिलेला नव्हता, हिबा उभा राहत नव्हता. “मी गेल्यावर” हे शब्द मात्र वसियतीचे आहेत.

मुस्लिम कायद्यात तोंडी वसियत चालते, पण ती सिद्ध करणाऱ्यावर फार मोठा भार असतो: नेमके शब्द, वेळ, जागा, कोण हजर होतं. दोन मर्यादा पक्क्या आहेत. कर्ज आणि मयतीचा खर्च वजा जाता, वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. आणि वारसाच्या नावे केलेली वसियत बाकीच्या वारसांनी मान्य केल्याशिवाय चालत नाही.

मी विधवेला दुसरी मर्यादा तीन वेळा समजावली, कारण तिच्या पोराचं सगळं त्यावर उभं होतं. ज्या चाचानं त्याला अडवलं, त्याच चाचामुळं तो ‘वारस नसलेला’ ठरला. आणि वारस नाही म्हणूनच एक तृतीयांशापर्यंतची वसियत त्याच्या नावे कोणाच्याही संमतीशिवाय चालते. हेच शब्द आजोबांनी धाकट्याबद्दल काढले असते तर दादी आणि मुलींची संमती लागली असती. दोन्ही मुलगे आधी गेले असते तर हा नातू वारस झाला असता, आणि मग त्याच्यासाठीही ती लागली असती. अडणं म्हणजे दार बंद होणं, असं लोकांना वाटतं. आजोबांच्या हातात त्या नातवासाठी एक तृतीयांशाचं दार असतं, आणि ते बहुतेक आजोबा न उघडताच जातात. पाकिस्ताननं १९६१ च्या अध्यादेशानं अशा नातवंडांना बापाचा वाटा दिला, इजिप्तनं १९४६ च्या कायद्यानं सक्तीच्या वसियतीची तजवीज केली. कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात तसं काही नाही. इथं आजोबांनी स्वतः बोलावं लागतं, आणि शक्यतो लिहावं लागतं.

दुकान १६ लाखांचं, ४८ चा बरोबर तिसरा हिस्सा. धाकटा मानला नसता तर दोन साक्षीदारांच्या जबाबावर कोर्टात वर्षं गेली असती आणि निकाल काय लागता ते मी छातीठोक सांगू शकलो नसतो. तो दोन दिवसांनी आला. पेशइमामांनी त्याला सूरह निसाची आठवी आयत वाचून दाखवली होती, वाटणीच्या वेळी नातलग, अनाथ आणि गरजू समोर असतील तर त्यांनाही त्यातून द्या, ती. “अब्बा बोलले होते,” तो म्हणाला. “मी पण ऐकलंय. ‘मी गेल्यावर’ असंच बोलले होते.”

मग वाटणी घराच्या ३२ लाखांची झाली. दादीला ४, धाकट्याला १४, मुलींना ७-७. धाकट्याचे सात लाख कमी झाले, दादीचे दोन, मुलींचे साडेतीन-साडेतीन. मिळून सोळा. कोणीतरी सुचवलं होतं की दुकानासाठीही वारसांनी नातवाच्या नावे हक्कसोड लिहावं. ते चाललं नसतं. हक्कसोड सहमालकाच्या लाभात होतं आणि दुकानात नातू सहमालक नव्हता. म्हणून सगळ्या वारसांनी वसियत मान्य असल्याचा लेख केला, त्यात आजोबांचे शब्द जसेच्या तसे घातले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.

नातीचं नाव आजोबांच्या वाक्यात नव्हतं. या अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त ते लागलं. पोरीला बापाच्या प्लॉटमधला हिस्सा आहे, पण आजोबांकडून एक पैसाही नाही.

दादीच्या ते लक्षात आलं. महिन्याभरानं ती मुलीबरोबर माझ्याकडे आली. तिच्याकडे आता घरातले ४ लाख आणि थोरल्याच्या प्लॉटमधले आई म्हणून मिळालेले २, असे ६ लाख. “ह्यातलं पोरीला किती लिहिता येतंय?” नात तिच्याही मुलाची मुलगी, धाकटा हयात आहे तोवर दादीच्या वारशातही ती अडलेलीच, म्हणून वारस नाही, म्हणून तिसरा हिस्सा: आजच्या हिशेबानं २ लाख. मी तसं मराठीत लिहिलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. दादी उठता उठता थांबली.

“आन् अल्ला न करो, धाकटा माझ्या आधी गेला तर?”

तर नातू आणि नात दोघंही तिचे वारस होतात. वारस कोण ते वसियत लिहिण्याच्या दिवशी नाही, ती गेल्याच्या दिवशी पाहतात. मग हाच कागद वारसाच्या नावची वसियत ठरतो आणि तिच्या मुलींसकट बाकीच्या सगळ्यांची संमती लागते. तिला हे सांगितलं. कागदाच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून दिलं की घरात कोणाची मयत झाली तर हा कागद घेऊन परत या. शेजारी उभ्या मुलीनं ते मोठ्यानं वाचलं आणि कागद दादीच्या पिशवीत ठेवला.